एका गुणाची माया

क्ष-किरण विभागाच्या दारावरच्या पाटीत 'क्ष' तेवढा ठसठशीत उरला होता. बाकीची अक्षरं पुसून पुसून इतकी फिकी झाली होती की नवीन आलेला माणूस त्या एकाच अक्षराकडे बघत उभा राहायचा आणि मग विचारायचा, "फोटो इथेच काढतात ना?" हाडांच्या या फोटोंचं काम मावशी बरीच वर्षं करत होती. भाची नुकती अक्षरं जोडायला लागली तेव्हा तिने पहिल्यांदा वाचलं ते हेच दार, आणि त्या दिवसापासून मावशीची 'क्षमावशी' झाली. इस्पितळातल्या लोकांनी ते अर्धवट ऐकलं आणि हिचं नाव क्षमा आहे असं ठरवून टाकलं. आता शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला क्षमाताई म्हणत. खरं नाव गळ्यातल्या ओळखपत्रावर होतं, पण ते ओळखपत्र कायम उलटं फिरलेलं असे. मावशीनेही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. म्हणायची, "रोज इतक्या माणसांना म्हणते, हलू नका, श्वास रोखा. त्यातून क्षमा हे नाव काही वाईट नाही."

ती भाची आता आठवीत होती. उंची अशी वाढली होती की व्हॉलीबॉलच्या संघातल्या मुलींनी तिचं नाव 'शिडी' ठेवलं, आणि घरीदारी तेच चिकटलं. शाळा सुटली की ती मावशीकडे यायची. फोटोच्या खोलीत तिला मज्जाव होता. बाजूला एक चिंचोळी खोली होती, तिथे चहाची किटली, जुनी पाकिटं आणि एक डुगडुगतं टेबल होतं. त्या टेबलावर अभ्यास करायचा आणि मावशीची पाळी संपली की दोघींनी मिळून घरी जायचं, असा शिरस्ता. आई घरी शिवणकाम करायची आणि वडील लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे, त्या आठवड्यात ते बाहेरच होते. मावशी त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची.

त्या शुक्रवारी शिडी आली तीच गुपचूप. एरवी ती यायच्या आधी तिचा आवाज यायचा. मावशी एका आजोबांचा पाय टेबलावर नीट ठेवत होती. आजोबा तावातावाने सांगत होते, "काही झालेलं नाही हो. नुसता मुरगळलाय. सून उगाच घाबरवते."

"झालं नसेल तर फोटोत नसेल," मावशी म्हणाली. "आणि झालं असेल तर तुम्ही नाही म्हटल्याने जोडलं जाणार नाही. हलू नका."

काचेमागे जाऊन तिने बटण दाबलं. पडद्यावर पाय उमटला. मावशीला दिसायचं ते दिसलं, पण तिने तोंडावर काही येऊ दिलं नाही. सांगायचं काम डॉक्टरांचं. आजोबांना खुर्चीत बसवून, सुनेच्या ताब्यात देऊन ती चिंचोळ्या खोलीत डोकावली.

शिडी टेबलापाशी बसली होती. समोर तिचे गुडघ्यांचे पॅड ठेवलेले. संघाला शाळेने दिलेले, निळे, नवेकोरे.

"मावशी, एखादी पिशवी आहे का गं? चांगलीशी?"

"कशाला?"

"हे परत करायचेत. नुसते हातात घेऊन जायला बरं नाही दिसत."

मावशीने एकदा पॅडकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं. हे पॅड आले त्या दिवशी ही पोरगी ते घालूनच झोपली होती, हे तिला तिच्या बहिणीने सांगितलं होतं. ती किटलीपाशी गेली, पाठमोरी राहूनच म्हणाली, "पिशवी आहे. पण आधी सांग, काढलं का तुला संघातून?"

"नाही. मीच सांगणारे सरांना, उद्या सरावाच्या आधी. माझं नाव काढा म्हणून."

"का बरं? उंची कमी झाली?"

शिडी हसली नाही. तेव्हा मावशीने किटली खाली ठेवली आणि स्टूल ओढून समोर बसली.

मग सगळं बाहेर आलं. खेळाच्या सरांचा नियम असा, की स्पर्धेला जाणाऱ्या मुलीची पाच विषयांची सरासरी साठच्या वर पाहिजे आणि कुठल्याही एका विषयात पन्नासच्या खाली गुण नकोत. आज त्यांनी कार्यालयातून आलेल्या यादीतून प्रत्येकीची सरासरी वाचून दाखवली. यादीत नुसत्या सरासऱ्याच होत्या. शिडीची बासष्ट. म्हणजे पहिली अट पार पडली. दुसरीचं मात्र सोमवारी कळणार होतं. चार पेपर हातात आले होते, त्यांत पन्नासच्या खाली काही नव्हतं. पण गणिताच्या बाई आपले पेपर आपल्या तासालाच, आपल्याच हाताने वाटायच्या आणि तोवर कुणी कितीही विचारलं तरी ताकास तूर लागू द्यायच्या नाहीत. आणि बाईंचा तास होता सोमवारी.

"मग सोमवारपर्यंत थांब ना."

"थांबून काय करू? सर म्हणाले, कुणाला माघार घ्यायची असेल तर उद्याच सांगा, म्हणजे राखीव मुलीला दोन दिवस जास्त सराव मिळेल. सोमवारी सगळ्यांसमोर नाव कापलं जाण्यापेक्षा..." तिचा आवाज फाटला. "मावशी, पेपर खूप वाईट गेला होता गं. आणि आता तर मी काढलेत गुण. हिशेब करून."

"अगं मग झालंच की! किती पडलेत?"

शिडी खाली मान घालून म्हणाली, "उणे दहा."

मावशीने ओठ दाबले. डोळे मोठे केले. खिडकीबाहेर पाहिलं. पण काही उपयोग झाला नाही, तिला हसू फुटलंच आणि ते एवढ्या जोरात फुटलं की बाहेरच्या बाकावरच्या माणसांनी माना वळवल्या.

"हस! तू पण हस!"

"चुकलं गं राणी. पण उणे दहा म्हणजे काय? तू पेपर लिहायला गेलीस आणि बाईंनाच दहा गुण देऊन आलीस?"

"मला काय माहीत! उत्तर तसंच येतंय. तीनदा केलं."

"दाखव बघू."

एका रिकाम्या पाकिटाच्या पाठीवर शिडीने गणित मांडलं होतं. मावशीने चष्मा लावला. भाषा ७१, विज्ञान ५८, इतिहास-भूगोल ६६, इंग्रजी ६३. त्यापुढे गणिताच्या जागी एक तिरपी फुली.

"ही फुली कसली? गुणिले?"

"एक्स आहे तो. न कळलेली संख्या. आमच्या पुस्तकात एक्सच असतो."

"आमच्या वेळी क्ष असायचा. फुलीसारखा नाही, चांगला गाठ मारल्यासारखा. गुणाकारात मिसळायचा धोका नाही." तिने पेन्सिल घेऊन फुलीवर ठसठशीत 'क्ष' काढला, दारावरच्या पाटीसारखा. "हं. पुढे?"

"चार विषयांची बेरीज दोनशे अठ्ठावन्न. त्यात तुझा क्ष मिळवला. भागिले चार, बरोबर बासष्ट. म्हणजे बासष्ट चोक दोनशे अठ्ठेचाळीस. दोनशे अठ्ठेचाळिसातून दोनशे अठ्ठावन्न गेले, उणे दहा." शिडीने नाक ओढलं. "सगळं बरोबर आहे. बेरीज बरोबर, गुणाकार बरोबर."

मावशीने तो कागद जरा लांब धरला, जवळ धरला. बेरीज खरंच बरोबर होती. गुणाकारही. पोरीने रडत रडतही आकडे सुबक काढले होते. मग तिला दिसलं, जसं पडद्यावर बारीक भेग दिसते तसं. एकदा दिसली की मग तीच दिसत राहते.

पण तिने सांगितलं नाही. ती उठली आणि दार किलकिलं करून बाहेरच्या बाकाकडे बोट केलं.

"बाकावर किती माणसं आहेत, मोज."

"आता हे काय मध्येच?"

"मोज तर."

शिडी वाकून बघू लागली. एक बाई, तिच्या कडेवर... नाही, ते मूल तिचंच, ते नंबरात नाही. एक हात गळ्यात अडकवलेला तरुण. दोन म्हातारे. आणि टोकाला एक जण तोंडावर शाल ओढून झोपलेला, मधूनच घोरत.

"पाच."

"तो झोपलेला धरून?"

"मग? त्याच्या हातात पण नंबराचा कागद आहे."

"पण त्याचं तोंड तर दिसत नाही. बाई आहे, बुवा आहे, काळा आहे, गोरा आहे, काही कळत नाही. सोडून दे की त्याला. चारच धर."

"असं कसं, मावशी! दिसत नाही म्हणून काय तो नाहीये का? त्याचाही फोटो..."

शिडी थांबली. दाराच्या फटीतून तिने पुन्हा एकदा त्या शालीकडे पाहिलं आणि हळूच वळून टेबलावरच्या पाकिटाकडे.

"भागिले पाच," ती म्हणाली.

"का गं?"

"कारण सरांनी पाच विषयांची सरासरी सांगितली. मी बेरजेत क्षला घेतलं आणि भागताना बाहेर काढलं. हातात पेपर चार होते ना, म्हणून चारनेच भागलं."

"बरोब्बर. बाकावर बसवलंस आणि नंबर मात्र दिला नाहीस. मग तो बिचारा उणे दहाच होणार." मावशी परत स्टुलावर बसली. "आता नीट कर. पण आधी मला सांग, सरासरी बासष्ट म्हणजे काय? सूत्र नको. मला कळेल असं सांग."

शिडीने पेन्सिल गालावर टेकवली. "म्हणजे... पाचही विषयांचे गुण एकत्र ओतले आणि पाचांना सारखे वाटले, तर प्रत्येकाला बासष्ट येतील."

"छान. मग ओतलेले सगळे मिळून किती?"

"पाच गुणिले बासष्ट. तीनशे दहा."

"हे तीनशे दहा कुठून आले? कोणाकोणाचे?"

"चार विषयांचे दोनशे अठ्ठावन्न आणि क्षचे क्ष." आणि तिने लिहिलं, एकाखाली एक:

(२५८ + क्ष) ÷ ५ = ६२
२५८ + क्ष = ३१०

"आता?" मावशी म्हणाली.

"आता दोन्ही बाजूंतून दोनशे अठ्ठावन्न काढायचे."

"एकाच बाजूतून काढले तर नाही चालणार?"

"नाही ना! मग बरोबरच्या चिन्हाचं काय? ते खोटं पडेल." शिडी आता मावशीकडे बघतही नव्हती.

क्ष = ३१० – २५८
क्ष = ५२

"बावन्न," शिडी म्हणाली. मग आवाज चढवून, "मावशी, बावन्न! पन्नासच्या वर आहे!"

"हुरळू नको. जिथून निघालीस तिथे परत जाऊन बघ."

"दोनशे अठ्ठावन्न अधिक बावन्न, तीनशे दहा. भागिले पाच, बासष्ट." शिडीने पॅड उचलून छातीशी धरले. "म्हणजे हे गुण मला पडलेलेच आहेत. बाईंच्या कपाटात आहेत. आज."

"आजच काय, केव्हाचेच. पेपर तपासला तेव्हापासून. त्या आजोबांच्या पायात जे आहे ते फोटो काढायच्या आधीही होतंच. आपण फक्त दिवा लावला."

"काय झालं होतं त्यांना?"

"ते डॉक्टर सांगतील," मावशी म्हणाली आणि शालवाल्याला उठवायला गेली. तो एक तरणाताठा ड्रायव्हर निघाला. रात्रपाळी करून आलेला, अंगठा सुजलेला.

घरी जाताना शिडी फूटपाथवर चालत नव्हती, अधूनमधून उडी मारून दुकानांच्या पाट्यांना हात लावत होती. दोघी जिना चढून आल्या तेव्हा आई कापायच्या टेबलावर वाकली होती. खांद्यावर टेप, ओठांत टाचण्या. टाचण्या काढल्याशिवाय तिला बोलता यायचं नाही, म्हणून शिडीने सगळी कथा एका दमात, उणे दहापासून बावन्नपर्यंत, सांगून टाकली. आईने टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. चेहरा उजळला होता. मग तिने विचारलं, "बासष्ट म्हणजे पुरी बासष्ट का गं?"

"म्हणजे?"

"म्हणजे, गिऱ्हाइकाची कंबर साडेएकतीस भरली तर मी कागदावर बत्तीस लिहिते. तुमच्या यादीतही तसंच नसेल ना केलेलं? पाचांनी भागलं तर दरवेळी पुरं थोडंच येईल."

मावशीला वाटलं, बहिणीच्या ओठांत टाचण्या असत्या तर बरं झालं असतं. शिडीचा चेहरा उतरला तो सरळ तळमजल्यापर्यंत. हातातले पॅड तिने खुर्चीवर ठेवले.

"यादीत सगळ्यांचे पूर्णच आकडे होते," ती सावकाश म्हणाली. "एकीचाही अपूर्णांकात नव्हता."

"अगं, मी आपलं विचारलं," आई म्हणाली.

"तू नेमकं तेच विचारतेस, ताई," मावशी म्हणाली. पण मनात ती स्वतःवरच चिडली होती. हे आपल्याला सुचायला हवं होतं. आणि आता पोरीला उड्या मारायला लावून, नंतर सोमवारी एकोणपन्नास निघाले तर? शाळेत ती पॅड घालून उद्या जाणार, संघात हसणार-खिदळणार, आणि सोमवारी सगळ्यांसमोर ते उतरवणार. ते आधीच पिशवीत घालून परत देण्यापेक्षा वाईट. मावशीने पेन्सिल शोधायला पर्समध्ये हात घातला.

"थांब, मावशी. मी करते."

शिडीने टेबलावरचा शिवणाचा खडू उचलला. आईने एक टाकाऊ कापडाचा तुकडा निमूटपणे तिच्यापुढे सरकवला.

"मला वाईटात वाईट काय ते बघायचंय," शिडी म्हणाली. "एकोणपन्नास पडले असतील तर मी गेले. तर मग क्षच्या जागी एकोणपन्नासच बसवून बघू." खडू कापडावर खरखरला. "दोनशे अठ्ठावन्न अधिक एकोणपन्नास, तीनशे सात. भागिले पाच... एकसष्ट दशांश चार."

"ते बासष्ट लिहितील ना?" आई म्हणाली. "मी तर जरा वर सरकलं तरी पुढचा आकडा धरते. घट्ट होण्यापेक्षा सैल बरं."

"आई! शाळा म्हणजे काय झबलं आहे का? शाळेत अर्ध्याच्या खाली असलं की ते सोडून देतात. अर्धा किंवा जास्त असेल तरच पुढचा आकडा. मागच्या परीक्षेत माझे दशांश चार असेच उडवले होते, मी भांडायला गेले होते, आठवतं?"

आईला आठवत होतं. कार्यालयातल्या बाईंनाही आठवत असणार.

"म्हणजे एकोणपन्नास असते तर यादीत एकसष्ट आलं असतं. पण सरांनी बासष्ट वाचलं. आता पन्नास घेऊ. तीनशे आठ भागिले पाच, एकसष्ट दशांश सहा. याचे बासष्ट होतात." ती मागे सरकली आणि कापडाकडे टक लावून बघत राहिली. "म्हणजे मला कमीत कमी पन्नास आहेत. बावन्नच असतील असं नाही. पन्नास असतील, एक्कावन्न असतील, बावन्नच्या वरही एखाददुसरा असेल. पण एकोणपन्नास असूच शकत नाहीत."

"आणि पन्नास चालतात?"

"पन्नासच्या खाली नकोत, असं म्हणालेत. पन्नास म्हणजे पन्नासच्या खाली नाही."

मावशीने पेन्सिल परत पर्समध्ये टाकली. ही दुसरी पायरी तिने शिकवली नव्हती. शिकवायला सुचलीही नव्हती. पोरीने क्षला उचलून त्याच्या जागी दुसरा माणूस बसवून पाहिला होता, नुसता तो तिथे मावतो का ते बघायला.

"मग उद्या सरावाला जाणार?" आईने विचारलं.

शिडीने उत्तर म्हणून पॅड चढवले. तिथेच, शाळेच्या गणवेशावर.

शनिवारी ती सरावाहून संघाचा, आधीच्या मुलींनी वापरलेला शर्ट घेऊनच आली. पाठीवर आकडा, आणि लांबीला असा अपुरा की हात वर केले की पोट उघडं. "अडवायला उडी मारते तेव्हा सगळ्या जगाला बेंबी दिसते," शिडी म्हणाली. "आई, लांब कर ना."

आईने शर्ट उलटा करून खालची घडी अंगठ्याने चाचपली. "माया आहे आत बऱ्यापैकी. उसवून सोडली की पुरेल."

"माया म्हणजे?" मावशीने मुद्दाम विचारलं. शिवणातलं तिला काही कळत नाही हे दाखवायला तिला आवडायचं, कारण मग बहिणीला बोलायला मिळायचं.

"शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात ना, त्याला माया म्हणतात. वरून दिसत नाही. पोर वाढलं की कामी येते. चांगला शिंपी माया सोडायला कंजुषी करत नाही." तिने शर्टाची घडी घातली आणि कपाटावर ठेवला. "पण सोमवारपर्यंत मी याला हात लावणार नाही."

"का? तुला माझं समीकरण पटलं नाही?"

"पटलं गं बाई. पण उसवल्यावर परत करायची वेळ आली तर मला तशीच बारीक शिवण घालायला जमणार नाही. यंत्रावरची आहे."

शिडीने मावशीकडे पाहिलं. मावशीने खांदे उडवले. काही माणसं समीकरणावर विश्वास ठेवतात आणि तरी कात्री बाजूला ठेवतात, त्याला इलाज नाही.

सोमवारी मावशीचं कामात लक्ष नव्हतं. एका बाईंना तिने दोनदा "श्वास रोखा" म्हटलं आणि "सोडा" म्हणायला विसरली. बाईंचा चेहरा जांभळा व्हायला लागला तेव्हा तिला आठवलं. ते लंगडत आलेले आजोबा पायाला प्लॅस्टर घालून दाखवायला आले होते, सून मागे विजयी मुद्रेने उभी. "झालं होतं हो," आजोबा म्हणाले, जणू मावशीनेच ते केलं होतं.

मग कॉरिडॉरमध्ये बुटांचा आवाज आला. धावण्याचा नव्हता. ताठ, दणदण, रागावलेल्या माणसाचा.

शिडी आत आली आणि तिने टेबलावर पेपर आपटला.

"एक्कावन्न!"

मावशीने पेपरकडे पाहिलं. लाल शाईत, गोलात, एक्कावन्न. तिने दोन्ही हात टेबलावर टेकून आधी श्वास सोडला.

"अगं मग रागावतेस काय! पास आहेस, संघात आहेस!"

"संघात आहे गं. सरांनी पक्कं नाव लिहिलं. पण समीकरणाने बावन्न सांगितलं होतं! माझा एक गुण कुठे गेला? मी पूर्ण पेपर दोनदा मोजला. बाईंची बेरीज बरोबर आहे." ती धपकन बसली. "मग मला कळलं. दोनशे अठ्ठावन्न अधिक एक्कावन्न, तीनशे नऊ. भागिले पाच, एकसष्ट दशांश आठ. यादीत ते बासष्ट करून टाकले. आईचं साडेएकतीस आणि बत्तीस."

"म्हणजे समीकरण चुकलं?"

"नाही," शिडी नाइलाजाने म्हणाली. "समीकरणाला आपण बासष्ट सांगितलं, त्याने बासष्टाचं उत्तर दिलं. त्याला एकसष्ट दशांश आठ सांगितलं असतं तर त्याने एक्कावन्न दिले असते. ते बिचारं जे घालू तेच काढतं."

"माझ्या यंत्रासारखं," मावशी म्हणाली. "समोर पाय ठेवला की पायच येतो."

शिडीला हसू आलं आणि मग रागावणं जमेना.

घरी आईने पेपर हातात घेतला, लाल आकडा पाहिला आणि तो मशीनच्या दिव्याखाली उगाचच जरा तिरपा धरून पुन्हा पाहिला. "एक्कावन्न," ती म्हणाली. "पन्नास लागत होते ना?"

"हो. एकच जास्त आहे."

"एक म्हणजे काय कमी आहे? एका गुणाची माया आहे की. तेवढ्यावर शिवण धरते."

तिने कपाटावरचा शर्ट काढला, उलटा केला आणि छोट्या कात्रीने खालची शिवण उसवायला घेतली. दोरा टकटक तुटत गेला. घडी उलगडली तशी आतून कापडाची एक पट्टी बाहेर आली, बाकीच्या शर्टापेक्षा जरा गडद, कारण तिला आतापर्यंत ऊन लागलंच नव्हतं.

"घाल. हात वर कर," आई म्हणाली.

शिडीने शर्ट चढवला, दोन्ही हात छतापर्यंत नेले आणि जागच्या जागी उडी मारली.

"मावशी, काही दिसतंय?"

मावशीने चष्मा लावून, अगदी पडद्यावरचं हाड बघावं तसं, नीट बघितलं.

"ते डॉक्टर सांगतील," ती म्हणाली.